आईचं हरीण आणि दादाच्या खापऱ्या



यंदाच्या उपवासकाळात आमच्यावर एक वेगळंच काम येऊन पडलं. आई जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. तिने जवळजवळ तीस वर्षं आमच्या इंदूरच्या धर्मग्रामात मुलांचा रविवारचा धर्मवर्ग घेतला, आणि दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी ती एक गोष्ट सांगायची. हरणांचा एक राजा दुसऱ्या हरणीच्या जागी स्वतः मरायला जातो, अशी. गोष्ट संपली की ती म्हणायची, "ही मी रचलेली नाही हं, टीव्हीवर कार्टून होतं, माझ्या पोरांनी पाहिलंय." आता तो वर्ग आम्ही दोघी बहिणी घेतो. फादर म्हणाले, या वर्षी आईंची तीच गोष्ट सांगा, आणि जमलं तर ते कार्टूनच मुलांना दाखवा. नाव काय त्याचं?

नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. पुण्याला दादाला फोन लावला, तर तो म्हणाला, "हरीण मरतच नाही त्यात. राजा मरतो. सोन्यात गाडला जातो. आईने गोष्ट बदलली होती."

हे ऐकून आम्ही दोघी गप्पच झालो. आईने तीस वर्षं मुलांना टीव्हीचं नाव सांगून स्वतःच्या मनातलं काही सांगितलं असेल, हे आम्हाला पटेना. दादा तर ठाम होता. म्हणून त्या कार्टूनचं नाव शोधणं ही नुसती हौस राहिली नाही.

पहिली शहाणपणाची गोष्ट आम्ही केली ती अशी, की फोनवर आणखी बोलायचंच नाही असं ठरवलं. तिघांनी तीन वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता, आठवतं ते लिहायचं. एकदा का तिघं एकत्र बोलू लागलो की सगळ्यात ठाम बोलणाऱ्याची आठवण तिघांची होऊन बसते, आणि मग खरी कुठली हे कधीच कळत नाही. कागदाच्या तीन रकान्यांत लिहायचं होतं: डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, आणि नंतर कुणीतरी सांगितलेलं. हा तिसरा रकाना फार महत्त्वाचा, कारण आमच्या बाबतीत ती गोष्ट आईच्या तोंडून पुढे पंचवीस-तीस वेळा ऐकलेली होती, आणि कार्टून मात्र एकदाच, फार तर दोनदा पाहिलेलं.

थोरलीने लिहिलं: हरणांची पाळी लागायची, रोज एक. एका हरणीच्या पोटात पिल्लू होतं. ओंडक्यावर मान ठेवलेली आठवते.

धाकटीने लिहिलं: सोनेरी हरीण. उंच मुकुटाचा राजा. लाकडाचा क्रूस. हरीण मेलं, आई रडली.

दादाचा कागद व्हॉट्सॲपवर आला: सोनेरी हरीण. पगडीवाला दुष्ट राजा. अनाथ मुलगा. एक वाघीण. हरणाच्या खुरांतून मोहरा पडतात. राजा सोन्यात गळ्यापर्यंत, मग सोन्याच्या खापऱ्या होतात. खाली त्याने जोडलं होतं: "खोलीत अंधार, मागे मशीनचा खर्रखर्र आवाज."

आता यात काय धरायचं आणि काय सोडायचं? आमचा अनुभव असा, की कथेचा मोठा भाग शोधाच्या कामाला फारसा येत नाही. सोनेरी हरीण, राजा, जंगल ही तिन्ही शेकडो गोष्टींत सापडतात. आम्ही मोबाइलवर `golden deer cartoon old` असं टाकून पाहिलं, तर रामायणातला मारीच पुढे येऊन उभा राहिला, आणि तो पानोपानी हलेना. कामाला येतो तो विचित्र, गोष्टीत उगाचच असल्यासारखा वाटणारा तपशील. थोरलीची "पाळी" आणि दादाच्या "खापऱ्या" हे तसे दोन तपशील होते. सोन्याचे कोळसे होणं आपल्याकडे म्हणीसारखं आहे, पण फुटक्या मडक्याच्या खापऱ्या होणं हे कुणी आपल्या मनाने घालणार नाही. जी गोष्ट मनाला सुचली नसती, ती बहुधा खरोखर पाहिलेली असते.

उलट, आपल्या ओळखीच्या वस्तूसारखी दिसणारी आठवण संशयाने पाहावी. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मरणावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथेतलं परकं, न कळणारं गळत गेलं आणि त्याच्या जागी ऐकणाऱ्याच्या ओळखीचं येत गेलं. धाकटीचा "लाकडाचा क्रूस" आम्हाला तसाच वाटला. उत्तम शुक्रवारच्या तोंडावर, वेदीच्या बाजूला बसून, आईच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीतलं लाकूड दुसरं काय होणार?

"पाळी" मात्र आम्ही कुठेतरी वाचलेली होती. बी. ए.ला प्राचीन भारताचा इतिहास होता, त्याचा इतक्या वर्षांनी उपयोग झाला. पाली जातककथांच्या संग्रहात ५४७ कथा आहेत, त्यांतली बारावी निग्रोधमिग जातक. निग्रोध म्हणजे वड. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला रोज हरणाचं मांस लागे. त्याच्या उपवनात हरणांचे दोन कळप कोंडलेले होते, एकाचा मुखिया निग्रोध आणि दुसऱ्याचा साख, दोघंही सोनेरी. राजाने त्या दोघांना अभय दिलेलं होतं. पण रोजच्या बाणांनी एक हरीण मरे आणि दहा जखमी होत, म्हणून हरणांनीच तोडगा काढला: रोज पाळीपाळीने एका कळपातलं एक हरीण स्वतःहून जाऊन ओंडक्यावर मान ठेवील. एके दिवशी साखच्या कळपातल्या गाभण हरणीची पाळी आली. पिल्लू होईपर्यंत थांबवा, अशी तिने विनंती केली. साख म्हणाला, तुझी पाळी दुसऱ्यावर ढकलता येणार नाही. ती निग्रोधाकडे गेली. निग्रोध तिच्या जागी स्वतःच गेला आणि ओंडक्यावर मान ठेवून पडून राहिला. स्वयंपाक्याने ते पाहिलं. याला तर अभय आहे, म्हणून तो धावत राजाकडे गेला.

हीच आईची गोष्ट, फक्त शेवट सोडून.

तर कथा सापडली. पण कथा सापडणं म्हणजे कार्टून सापडणं नव्हे, कारण एकाच जातकावर कुणीही कधीही चित्रं हलवू शकतं. इथे कामाला आली ती फोटोच्या डब्यातली एक जुनी प्रिंट.

दादाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचा तो फोटो. छावणीतल्या जुन्या घराची बैठकीची खोली, पांढऱ्या शर्टातला दादा, लाल फ्रॉकमध्ये आम्ही दोघी, मागे लाकडी पेटीतला, सरकत्या शटरचा टीव्ही. आणि टीव्ही चालू! पडद्यावर काहीतरी आहे, पण प्रिंटवर तो पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. मोबाइलने त्याचा फोटो काढून मोठा केला, तर राखाडी डाग दिसले, बाकी काही नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पुष्कळ घरांत अशी चित्रं पडलेली असतील. प्रिंट मोठी करत बसू नका, आधी निगेटिव्ह शोधा. प्रिंट ही निगेटिव्हवरून कागदावर वाढवून काढलेली नक्कल असते, तिच्यात बारीक तपशील आधीच गेलेला असतो. निगेटिव्हची पट्टी आकाराने छोटी, पण जास्त स्पष्ट. आमची पट्टी त्याच डब्यात स्टुडिओच्या पिवळ्या पाकिटात होती. ती निगेटिव्हसाठीच्या स्कॅनरवर ३२०० डीपीआयला स्कॅन करून आणली. मग उजेड-अंधाराचं प्रमाण तेवढं सावरलं. धार वाढवायचं बटण मात्र दाबलं नाही. त्या बटणाने चित्रात नसलेल्या कडा तयार होतात आणि आपण त्यांनाच नाक-डोळे समजू लागतो. त्यापेक्षा धूसर चित्र लहान करून, हात लांब धरून पाहावं. डागांचा आकार तेव्हाच जुळून येतो.

काय दिसलं? डाव्या कोपऱ्यात फ्लॅशचा पांढरा गोळा, काचेवर परतलेला. पडद्यावर वरच्या बाजूला एक काळसर आडवा पट्टा. आम्हाला आधी वाटलं हे चित्रातलंच काहीतरी असेल, छप्पर किंवा झाडाची फांदी. पण ते कॅमेऱ्याचं आहे. त्या काळचा टीव्ही चित्र एका सेकंदात पन्नास वेळा वरून खाली आखत असे. फ्लॅशच्या साध्या कॅमेऱ्याची झडप बहुधा एका सेकंदाचा साठावा भाग उघडी राही. म्हणजे एक फेरी पुरी व्हायच्या आतच झडप मिटली, आणि साधारण सहावा भाग अंधाराचा राहिला. तो पट्टा वगळायचा, फ्लॅशचा गोळा वगळायचा. मग उरतं ते खरं चित्र.

उरलं ते असं: मध्ये एक लांबट फिकट आकार, उजवीकडे उतरत जाऊन एका बुटक्या गडद चौकोनावर टेकलेला. त्याच्या मागच्या भागाखाली दोन-तीन बारीक उभ्या रेघा. उजवीकडे एक उभी आकृती, डोक्यावर निमुळतं काहीतरी.

आणखी एक गोष्ट त्या फोटोने सांगितली. आमचे फ्रॉक लाल आहेत, भिंत पिवळी आहे, पडदा मात्र निळसर राखाडी. म्हणजे फोटो रंगीत, टीव्ही कृष्णधवल. मग धाकटीला ते हरीण "सोनेरी" कसं आठवतं? टीव्हीवर तिला सोनेरी दिसलं असणं शक्यच नाही. सोनं आलं निवेदनातून किंवा आईच्या तोंडून. तेव्हा रंगाची आठवण आम्ही पुराव्यातून काढून टाकली. तुमच्या घरी कृष्णधवल टीव्ही होता आणि तुम्हाला कार्टूनमधला लाल रंग आठवत असेल, तर तो तुमच्या मनाने भरलेला आहे असं समजा.

चित्र आम्ही आमच्या प्रार्थना-गटातल्या वडीलधाऱ्यांना दाखवलं. एक आजी म्हणाल्या, येशू क्रूसाखाली पडलाय. एक काका म्हणाले, अब्राहाम आणि इसहाक, ती बघा वेदी. दोघांनाही आधी सांगितलं होतं की आईच्या उत्तम शुक्रवारच्या गोष्टीचं चित्र आहे. असं सांगून दाखवलं की माणसाला तेच दिसतं. मग काहीही न सांगता शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला दाखवलं. त्याने क्षणभर पाहिलं आणि आपल्या इंदुरी हिंदीत म्हणाला, "बकरी पानी पी रही है." पाणी त्याने मनाने घातलं, कारण मान खाली घातलेली बकरी दुसरं काय करणार. पण चार पायांचं जनावर आहे आणि मान खाली आहे, एवढं एका निःपक्ष साक्षीदाराने सांगितलं. बुटका चौकोन म्हणजे ओंडका.

आता वर्षाचा प्रश्न. फोटो ऐंशीच्या दशकाच्या शेवटीचा, म्हणून आम्ही आधी त्याच काळातली कार्टूनं धुंडाळत होतो. तो रस्ता चुकीच्या दिशेने जात होता. पाहिल्याचं वर्ष आणि बनवल्याचं वर्ष यांचा संबंध असेलच असं नाही. आपल्याकडे सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य सिनेमाच्या आधी दाखवणं बंधनकारक होतं, आणि पुढे दूरदर्शनवरही तेच जुने लघुपट लागत. कार्यक्रमांच्या मधली मोकळी जागा भरायला ते बरे पडत. त्यामुळे आईवडिलांच्या पिढीने टॉकीजमध्ये पाहिलेली फिल्म मुलांनी टीव्हीवर पाहिली, असं सहज होई.

फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. त्यासाठी अमेरिकेतून क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार मुंबईला आले होते. ते डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले, 'बॅम्बी'वर काम केलेले. त्यांनी इथल्या तरुण चित्रकारांना शिकवलं, आणि त्या शिकण्यातून जी पहिली फिल्म झाली तिचं नाव `The Banyan Deer`, साल १९५७. वडाचं हरीण. निग्रोधाचं सरळ इंग्रजी! बॅम्बीचा चित्रकार, हिंदुस्थानी मुलं, आणि अडीच हजार वर्षांच्या परंपरेतली हरणाची गोष्ट. नावावर नजर पडली तेव्हा थोरली खुर्चीवरून उठूनच उभी राहिली.

चित्राची शैली त्यांनी डिस्नेची ठेवली नाही, अजिंठ्याच्या भिंतीचित्रांची घेतली. हा मुद्दा आम्हाला फार उपयोगी पडला. अजिंठ्यातला राजा सहसा पगडी बांधत नाही. त्याच्या डोक्यावर उंच, वर निमुळता होत जाणारा मुकुट असतो आणि अंग बहुधा उघडं. पगडी, तुरा, लांब अंगरखा ही पुढच्या शतकांतल्या दरबारी चित्रांची वेशभूषा. आमच्या फोटोतली उभी आकृती वर निमुळती आहे, आणि धाकटीने फोटो बघण्याच्या आधीच कागदावर "उंच मुकुट" लिहिलं होतं. ओंडका, चार पायांचं जनावर, पाळी, गाभण हरणी, मुकुट. पाच वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी एकाच फिल्मपाशी येऊन थांबल्या. एकट्या धूसर चित्रावरून हे म्हणता आलं नसतं, आणि एकट्या कथेवरूनही नसतं.

मग दादाच्या कागदाचं काय? त्याचा राजा पगडीवाला, आणि ओंडका तर त्याच्या कागदावर नाहीच. आम्हाला वाटलं तो चुकला. पण खापऱ्या आणि तो खर्रखर्र आवाज आम्हाला गप्प बसू देईना. टीव्हीचा असा आवाज येत नाही. तो प्रोजेक्टरचा, म्हणजे त्याने ते टीव्हीवर पाहिलेलंच नव्हतं. पडद्यावर पाहिलं होतं, बहुधा शाळेत.

इथे आमची मराठीच आडवी आली. आपण काळविटालाही हरीण म्हणतो आणि चितळालाही हरीणच. इंग्रजीत मात्र दोन कुळं वेगळी: चितळ-सांबराला फांद्यांची शिंगं, दरवर्षी गळून पुन्हा येणारी, त्यांना `deer`. काळविटाला बिनफांद्यांची, जन्मभराची शिंगं, त्याला `antelope`. दादाला विचारलं, शिंगं कशी होती? म्हणाला, "सरळ, लांब, दोनच." मग शोध बदलला: `golden antelope rajah hooves coins cartoon`. पहिल्याच पानावर नाव आलं.

'सोनेरी काळवीट', मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओची, १९५४ सालची फिल्म, दिग्दर्शक लेव्ह आतामानोव्ह. सुमारे अर्ध्या तासाची. भारतात घडते. अनाथ मुलगा राजाच्या शिकाऱ्यांपासून काळविटाला वाचवतो. ते खूर आपटून मोहरा पाडतं, पण अट अशी, की सोनं घेणारा "पुरे" म्हणाला की सगळ्याच्या खापऱ्या होणार. मुलाला दोन-चार मोहरा पुरतात. हावऱ्या राजाला पुरत नाहीत. तो सोन्यात बुडत बुडत शेवटी जीव वाचवायला "पुरे" म्हणतो आणि खापऱ्यांच्या ढिगाखाली जातो. वाघीणही आहे त्यात. मुलाने तिचं पिल्लू वाचवलेलं असतं.

दादाला दुवा पाठवला. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. रशियन एक शब्द कळत नव्हता, तरी शेवटपर्यंत पाहिली म्हणाला. "बाबा न्यायला आले होते त्या दिवशी शाळेत," एवढंच पुढे बोलला. बाबा दादा दहा वर्षांचा असताना गेले.

म्हणजे दादाही खरा आणि आम्हीही खऱ्या. दोन सोनेरी हरणं, दोन राजे, तीन वर्षांच्या अंतराने दोन देशांत बनलेली. आमच्या घरी ती एक झाली होती. आईच्या गोष्टीतला राजा फार हावरा असायचा, हे आता आठवलं. जातकातला ब्रह्मदत्त तसा नाही, त्याला फक्त मांसाची सवय आहे. हावरेपणा दादाने शाळेतून घरी आणलेल्या गोष्टीतून तिच्याकडे आला असणार.

उरला शेवट. जातकात हरीण मरत नाही. राजा येतो, विचारतो, तुला तर मी अभय दिलं होतं, तू इथे का? निग्रोध सांगतो. राजा त्याला आणि हरणीला सोडतो. तेवढ्यावर निग्रोध उठत नाही. दोघं सुटलो, बाकीच्यांचं काय? मग उपवनातली सगळी हरणं, मग बाहेरची, मग सगळी चतुष्पाद जनावरं, मग पक्षी, मग पाण्यातले मासे. एकेकाचं अभय मागून घेतो, तेव्हा कुठे मान उचलतो. आईच्या गोष्टीत हे काहीच नव्हतं. सुरी खाली यायची, आणि आई थांबायची.

तिने तसं का केलं, हे विचारायला ती नाही. आम्हाला कारण अंदाजाने कळतं, तुम्हालाही कळेल. तिला निरागसाने दुसऱ्याच्या जागी जाणं सांगायचं होतं, यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःखी सेवक तिला त्या ओंडक्यावर दिसत होता, आणि त्या सेवकाला कुणी शेवटच्या क्षणी सोडवलं नव्हतं. पण मुलांना टीव्हीचं नाव सांगून दाखवायची तर जशी आहे तशीच दाखवावी लागेल, यावर आम्ही दोघी ठाम होतो.

गटातल्या एकांनी शंका काढली, बौद्धांची कथा धर्मवर्गात कशाला? प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना संत बार्लाम आणि योसाफत यांची आठवण दिली. राजवाडा सोडून वैराग्य घेणाऱ्या भारतीय राजपुत्राची ही कथा मध्ययुगीन युरोपात घरोघर वाचली जाई, आणि रोमच्या हुतात्मा-सूचीत या दोघांचा दिवस २७ नोव्हेंबर असा लागलेला होता. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की हा राजपुत्र म्हणजे बुद्ध, आणि योसाफत हे नाव बोधिसत्त्व या शब्दाचंच, भाषाभाषांतून झिजत आलेलं रूप. मूळ ठिकाण विसरलेली गोष्ट अशी हजार वर्षं फिरली. आमची विनंती एवढीच होती, की हरणाचा पत्ता ठाऊक झालाय तर तो मुलांना सांगू या. फादरांनी मान डोलावली.

त्या रविवारी वर्गात सदतीस मुलं होती. आधी फिल्म दाखवली, ती कुणाची, कधीची, गोष्ट कुठली ते सांगितलं. मग सांगितलं, की ही गोष्ट इथे तीस वर्षं वेगळ्या शेवटाने सांगितली जायची, आणि आईचा शेवटही सांगितला, सुरी खाली येईपर्यंत. दोन्ही शेवट ऐकून मुलं थोडा वेळ शांत बसली. मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग राजा त्या दिवशी जेवला काय?" जातकात याचं उत्तर नाही. आम्ही तसं सांगितलं.

निगेटिव्हची पट्टी आता नव्या पाकिटात आहे. पाकिटावर थोरलीने पेन्सिलीने लिहिलंय: "दादाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, छावणी. टीव्हीवर: द बॅनियन डियर, फिल्म्स डिव्हिजन, १९५७." त्याखाली, ईस्टरला दादा आला होता तेव्हा, त्याच्या अक्षरात: "ही माझी नव्हे. माझी सोनेरी काळवीट, मॉस्को, १९५४, शाळेत, बाबांबरोबर."